टपाल केव्हा टाकावे?

सरकारी पत्राच्या मजकुराविषयी आपल्याकडे भरपूर नियम आहेत. कोणाला ‘महोदय’ लिहावे, कोणत्या पत्राला अर्धशासकीय म्हणावे, प्रत कोणाकोणाला द्यावी, हे सारे कार्यालयीन कार्यपद्धतीच्या पुस्तकात सापडते. मात्र पत्र दिवसाच्या कोणत्या वेळी पाठवावे याविषयी त्या पुस्तकात अवाक्षर नाही, आणि पूर्वी त्याची गरजही नव्हती. टपाल ठरलेल्या वेळी निघे, ठरलेल्या वेळी पोहोचे, आवक लिपिक त्यावर शिक्का मारी आणि साहेबांपुढे ते सकाळी साडेदहाच्या सुमारास इतर टपालासोबत येई. पत्र रात्री अकराला लिहिले काय किंवा दुपारी तीनला, वाचणाऱ्याच्या दृष्टीने फरक शून्य होता. ई-मेलने हा मधला पडदा काढून टाकला. आता लिहिणाऱ्याची वेळ हीच पोहोचण्याची वेळ झाली आहे, आणि ती निवडण्याची जबाबदारी, नकळत, लिहिणाऱ्यावर येऊन पडली आहे.

कायद्याला विचाराल तर उत्तर सोपे आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ प्रमाणे, प्राप्तकर्त्याने आपल्या पत्रव्यवहारासाठी एखादी संगणकीय यंत्रणा नेमून दिली असेल, तर संदेश त्या यंत्रणेत शिरला त्या क्षणी तो ‘मिळाला’ असे समजले जाते. वाचला की नाही, हा प्रश्नच नाही. रात्री ११.५८ ला पाठवलेले पत्र त्याच तारखेचे. पुढेमागे ‘आम्ही तर वेळेत कळवले होते’ असे म्हणण्यासाठी हे कलम फार उपयोगी आहे आणि आमच्या बिरादरीत त्याचा लाभ घेणारे पुष्कळ आहेत. पण पत्र पाठवण्याचा हेतू काम होणे हा असेल तर कायद्यातील प्राप्ती आणि कामकाजातील प्राप्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा विषय दुसरीचा आहे.

एक उदाहरण सविस्तर घेतो. संसदेच्या हिवाळी अधिवेशनात आमच्यासारख्या कार्यालयांचे जे काही होते ते दिल्लीबाहेर फारसे कोणी पाहत नाही. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. सदस्याला प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, मंत्रालये पाच गटांत विभागलेली असतात आणि प्रत्येक गटाचा आठवड्यातील वार ठरलेला असतो. समजा, आमचा वार बुधवार आहे. एका गुरुवारी सायंकाळी साडेसहाला एक प्रश्न हाती पडला: अमुक योजनेखाली राज्यनिहाय, जिल्हानिहाय किती निधी खर्च झाला आणि किती अखर्चित राहिला? उत्तर पुढल्याच्या पुढल्या बुधवारी. वरवर पाहता जवळजवळ दोन आठवडे आहेत. आता उलटे मोजू या.

उत्तराच्या प्रती आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी दुपारी, लोकसभा सचिवालयात पोहोचल्या पाहिजेत. म्हणजे मंत्रिमहोदयांची मान्यता सोमवारी. त्यापूर्वी सहसचिव आणि सचिव. म्हणजे संकलन शुक्रवारी पूर्ण व्हावयास हवे, आणि म्हणून राज्यांची माहिती गुरुवारी दुपारी आपल्या हाती हवी. मधले शनिवार-रविवार वजा करा. केंद्रात १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, महाराष्ट्रात २९ फेब्रुवारी २०२० पासून. उरतात तो शुक्रवार आणि पुढचे सोमवार ते गुरुवार, तेही गुरुवार अर्धाच. साडेचार दिवस. या साडेचार दिवसांत पत्र दिल्लीहून मुंबईला मंत्रालयात, तेथून पुण्याला आयुक्तालयात, तेथून ३६ जिल्ह्यांत जावयाचे आहे आणि त्याच पायऱ्या चढून परत यावयाचे आहे. (राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश मिळूनही छत्तीसच होतात. या योगायोगाचा उपयोग एवढाच की तक्ता करताना ओळींची संख्या लक्षात राहते.)

कक्ष अधिकारी तरुण आणि कामाचा होता. रात्री ९.४० पर्यंत थांबून त्याने पत्राचा मसुदा, विवरणपत्राचा नमुना, सर्व छत्तीस पत्ते अशी जय्यत तयारी केली आणि माझी परवानगी मागितली. त्याच्या दृष्टीने आत्ता पाठवले म्हणजे एक रात्र वाचली. मी त्याला सकाळी साडेदहापर्यंत थांबायला सांगितले. त्याला ते पटले नाही, आणि त्याचे न पटणे मला स्वाभाविक वाटले. म्हणून कारणे लिहून ठेवतो.

रात्री ९.४० ला गेलेले पत्र मुंबईत कोण पाहील? सचिव स्वतः, जेवणानंतर, भ्रमणध्वनीवर. ते उघडतील, दोन ओळी वाचतील, ‘सकाळी पाहू’ म्हणतील आणि फोन बाजूला ठेवतील. या क्षणी एक बारीक पण घातक गोष्ट घडते. न वाचलेले पत्र यादीत ठळक अक्षरांत दिसते. एकदा उघडले की ते साध्या अक्षरांत जाते. सकाळी पावणेदहाला स्वीय सहायक येऊन तीच पेटी उघडतो तेव्हा तो ठळक अक्षरांतील पत्रे काढतो, त्यांच्या प्रती छापतो आणि टपालाच्या फाईलमध्ये लावतो. आपले पत्र ‘वाचलेले’ आहे, म्हणजे साहेबांनी त्याचे काहीतरी केले असेल, असे तो धरून चालतो. साहेब समजतात की ते टपालात येईलच. अशा रीतीने दोन जबाबदार माणसांच्या मध्ये पत्र बेवारस होते. पत्र हरवले नाही, पोहोचले आहे, वाचलेही गेले आहे. फक्त कोणाच्याच हातात नाही.

समजा सचिवांनी रात्री ते उघडलेच नाही, तरी प्रकरण फारसे सुधारत नाही. ई-मेलच्या पेटीत सर्वांत नवे पत्र सर्वांत वर असते. रात्रीनंतर आलेली परिपत्रके, बैठकांची निमंत्रणे आणि स्वयंचलित सूचना त्याच्या डोक्यावर रचल्या जातात. सकाळी पेटी उघडणारा माणूस वरून सुरुवात करतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात बोलावणे आले की जेथपर्यंत पोहोचला तेथे खूण न करता उठतो. कागदी टपालाच्या गठ्ठ्यात खालचा कागद निदान डोळ्यांसमोर तरी असे.

साडेदहाला पाठवलेल्या पत्राची गोष्ट वेगळी. तोवर रात्रीचा ढीग उपसला गेलेला असतो, अकराच्या बैठका सुरू व्हायच्या असतात, आणि नवे पत्र एकटे, सर्वांत वर, ठळक अक्षरांत येते. ते पाहणारा माणूसही कार्यालयात बसलेला असतो. त्याच्या शेजारी ज्याला काम सांगायचे तो असतो. सरकारी पत्राच्या बाबतीत पत्ता असतो तो माणूस काम करीत नाही, तो ते पुढे देतो. म्हणून वेळ निवडताना ‘साहेब केव्हा वाचतील’ याऐवजी ‘साहेब वाचतील तेव्हा कक्ष अधिकारी जागेवर असेल का’ हे पाहावे लागते. रात्री साहेब उपलब्ध असतात, साखळीतील पुढचा दुवा नसतो.

शुक्रवारी साडेदहाला निघालेले पत्र बारापर्यंत कक्ष अधिकाऱ्याकडे उतरले, तर तीन-साडेतीनपर्यंत पुण्याला जाते आणि आयुक्तालयाला सायंकाळपूर्वी जिल्ह्यांना रवाना करता येते. जिल्ह्यांत सोमवारी सकाळी ते नव्याने वर असेल असे नाही, पण निदान तेथे असेल. हेच पत्र शुक्रवारी दुपारी चारला निघाले असते तर मंत्रालयात सोमवारी, पुण्यात सोमवार सायंकाळी किंवा मंगळवारी, आणि जिल्ह्यांत बुधवारी पोहोचले असते. म्हणजे माहिती द्यायला जिल्ह्यांना एक दिवस. साडेपाच तासांचा उशीर साखळीच्या शेवटच्या कडीपाशी दोन दिवसांचा होतो. प्रत्येक पायरीवर ‘आज की उद्या’ असा एक उंबरठा असतो, आणि माझ्या अनुभवात तो दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास येतो. त्यानंतर आलेले पत्र प्रामाणिक माणूसही उद्यासाठी ठेवतो. त्यात आळस नाही. पाचला घरी निघण्यापूर्वी त्याला आज सकाळचे संपवायचे असते.

तो सोमवार महिन्याचा पहिला सोमवार निघाला तर आणखी एक अडचण असते, जी दिल्लीत बसलेल्या बिगरमराठी सहकाऱ्यांना ठाऊक नसते. महाराष्ट्रात महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. नागरिक तक्रारी घेऊन येतात, सर्व खात्यांचे जिल्हा प्रमुख तेथे हजर असतात. त्या दिवशी सकाळी जिल्ह्याला पाठवलेले पत्र दुपारनंतरच पाहिले जाणार. दुसरे म्हणजे, संसदेचे हिवाळी अधिवेशन आणि नागपूरचे हिवाळी अधिवेशन बरेचदा एकमेकांवर येतात. त्या काळात मुंबईच्या मंत्रालयातील निम्मी माणसे नागपुरात असतात आणि तेथे ते स्वतःच विधिमंडळाच्या प्रश्नांच्या उत्तरांत बुडालेले असतात. अशा वेळी मुंबईच्या कक्षाला पत्र पाठवून भागत नाही. सकाळी सभागृह सुरू होण्याआधी, सव्वानऊच्या सुमारास पत्र आणि त्यापाठोपाठ एक दूरध्वनी, असे करावे लागते. एका वेळेचा नियम सर्व राज्यांना लावता येत नाही. ईशान्येकडे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कार्यालयेही लवकर आटोपतात. तेथे दुपारी तीनचे पत्र म्हणजे उद्याचे पत्र. काही राज्यांत शनिवारही कामाचा असतो, तेथे शुक्रवारची दुपार तितकी अशुभ नाही.

उत्तराची मुदतही वेळेचाच भाग आहे. ‘शुक्रवार सायंकाळपर्यंत’ असे लिहिले की उत्तरे शुक्रवारी साडेसहाला येतात, जेव्हा संकलन करणारा निघून गेलेला असतो किंवा नाइलाजाने बसलेला असतो. मुदतीच्या शेवटच्या तासातच बहुतेक उत्तरे येणार, हे गृहीत धरावे. मग तो शेवटचा तास आपल्या सोयीचा का ठेवू नये? ‘गुरुवार, दुपारी ३ वाजेपर्यंत’ असे लिहिले तर तीन ते साडेपाच एवढा वेळ चुकलेल्या बेरजा दाखवून दुरुस्त करून घ्यायला मिळतो, आणि समोरचा माणूसही अजून जागेवर असतो. अखर्चित निधीची रक्कम वितरित निधीपेक्षा मोठी, असे विवरणपत्र दर अधिवेशनात एखादे तरी येतेच.

आता रात्रीच्या पत्रांकडे येतो. हा दिल्लीचा खास रोग आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण येथे त्याला प्रतिष्ठा मात्र आहे. रात्री पावणेबाराला पत्र पाठवणारा अधिकारी कष्टाळू समजला जातो. कोणी कुरकुर केलीच तर मूलभूत नियम ११ दाखवला जातो: वेगळी तरतूद नसेल तर सरकारी नोकराचा सर्व वेळ त्याला वेतन देणाऱ्या सरकारच्या हाती असतो. नियम खरा आहे. पण तो वेळेवर हक्क कोणाचा हे सांगतो. पावणेबाराला पत्र पाठवल्याने काम लवकर होते असे तो कोठेही म्हणत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक ओळखीची गोष्ट दिसते. कारखान्याच्या धुराचा खर्च कारखानदाराच्या हिशेबात येत नाही, तो शेजारी भरतात. रात्री पत्र पाठवणाऱ्याला ते पाठवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. उलट मनावरचा भार उतरल्याचा फायदाच होतो. भार उतरतो तो दुसऱ्याच्या उशाशी. पाठवणाऱ्याने मनात ‘उद्या बघितले तरी चालेल’ असे म्हटलेले असते, पण ते पत्रात लिहिलेले नसते. आणि लिहिले तरी कनिष्ठ अधिकारी त्यावर विश्वास ठेवत नाही. वरिष्ठाच्या पत्राची वेळ हाच त्याच्यासाठी मजकूर असतो. तो रात्री बाराला ‘नोंद घेतली’ असे उत्तर देतो, तेच पुढे आपल्या हाताखालच्याला ढकलतो, आणि सकाळी तिघेही तेच पत्र नव्याने वाचतात. साडेअकरा ते बारा या वेळात झालेल्या या हालचालीतून निष्पन्न काय होते, तर एक ‘नोंद घेतली’.

यावर कायद्याचे उपाय सुचवले गेले आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामगारांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काची तरतूद लागू आहे. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. फोक्सवागनने तर २०११ सालीच जर्मनीतील काही कर्मचाऱ्यांच्या बाबतीत पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने ई-मेल पोहोचवणेच बंद केले आणि पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास ते पुन्हा सुरू होई. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खासगी सदस्यांची विधेयके संसदेत शेवटची मंजूर झाली ती १९७० साली, त्यामुळे या विधेयकाच्या भवितव्याविषयी फार आशा बाळगता येत नाही. आणि सरकारी नोकरीत सरसकट बंदी मला पटणारीही नाही. धरणातून रात्री दोनला विसर्ग सोडायचा असेल तर रात्री दोनलाच कळवले पाहिजे. पण तेव्हा ई-मेल पाठवून झोपणारा अधिकारी कामाचा नाही. तेव्हा नियंत्रण कक्षाला दूरध्वनी करायचा, ऐकणाऱ्याचे नाव लिहून घ्यायचे, आणि पत्र नंतर पुष्टीसाठी पाठवायचे. जे रात्री हवे आहे त्याला ई-मेल पुरत नाही, आणि ज्याला ई-मेल पुरतो ते सकाळपर्यंत थांबू शकते. माझ्या नोकरीत या दोहोंच्या मधले प्रकरण मला फार क्वचित भेटले.

रात्री लिहू नये असे मी म्हणत नाही. दिवसा अखंड अर्धा तास मिळत नाही, त्यामुळे चांगली पत्रे बहुधा रात्रीच लिहून होतात. लिहावे आणि ठेवून द्यावे. जी-मेलमध्ये एप्रिल २०१९ पासून ‘Schedule send’ ही सोय आहे; पाठवण्याच्या कळीशेजारील बाणावर टिचकी मारून तारीख आणि वेळ द्यायची, आणि पत्र ‘Scheduled’ या कप्प्यात जाऊन बसते. आउटलुकमध्ये ‘Delay Delivery’ फार जुनी आहे, मात्र काही जोडण्यांत ठरलेल्या वेळी तो संगणक आणि आउटलुक चालू असावे लागते. रात्री संगणक बंद करून गेलेल्या माणसाचे पत्र तसेच अडकून राहते. अशी काही सोय नसेल तर मसुदा जतन करून सकाळी हाताने पाठवण्यात कमीपणा नाही. दोन गोष्टी सांभाळाव्यात. साडेनऊचा किंवा दहाचा ठोका टाळावा, कारण सगळ्यांची ठरवलेली पत्रे त्याच ठोक्याला सुटतात आणि सकाळचा ढीग पुन्हा तयार होतो. आणि पाठवण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे तो कप्पा उघडून पाहावा. रात्रीतून प्रश्न मागे घेतला गेलेला असतो, किंवा दुसऱ्या मंत्रालयाकडे वर्ग झालेला असतो, आणि आपले पत्र मात्र ठरल्याप्रमाणे छत्तीस ठिकाणी निघून जाते.

हे पान वाचणारे बरेच जण घरापासून दूर आहेत, काही देशापासूनही, म्हणून एक लांबची गोष्ट. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. आईच्या जमिनीच्या कागदांवर त्याची सही लागणार होती तेव्हा मी त्याला सकाळी साडेदहाला मुळीच लिहिले नाही. उन्हाळ्यात तेव्हा त्याच्याकडे रात्रीचा एक वाजलेला असतो. दिल्लीत सायंकाळी साडेसात म्हणजे त्याच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. दिल्लीतला माझा उशीर ही त्याची सकाळ. दुबईच्या मराठी मंडळींना लिहायचे तर तास दीडच आहे, पण तेथे १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कार्यालये शुक्रवारी दुपारी बंद होतात. सौदीत अजून शुक्रवार-शनिवारची सुट्टी आणि रविवार कामाचा. घड्याळाबरोबर वारही विचारून घ्यावा.

नेमकी वेळ साधली की नाही, हे कळते कसे? मी कक्ष अधिकाऱ्याला एवढेच पाहायला सांगितले की पहिला प्रतिसाद कोणाकडून आणि कशाविषयी येतो. सचिवांकडून ‘प्राप्त’ असे उत्तर आले तर त्यावरून काहीच कळत नाही. पण पुण्याहून एखाद्या सहायकाने दूरध्वनी करून विवरणपत्रातील चौथ्या रकान्यात मार्चअखेरची रक्कम द्यायची की नोव्हेंबरअखेरची, असे विचारले, तर समजावे की पत्र कामाच्या टेबलावर उतरले आहे. त्या शुक्रवारी असा दूरध्वनी दुपारी साडेतीनच्या सुमारास आला. सगळीकडून तसा तो आला नाही. काही राज्यांनी गुरुवारपर्यंत काहीच कळवले नाही आणि त्यांच्यापुढे ‘माहिती संकलित केली जात आहे’ असेच लिहावे लागले. जे राज्य एरवीही उत्तर देत नाही ते साडेदहाच्या पत्रालाही देत नाही.

अलीकडे मात्र एक नवा प्रकार वाढला आहे. रात्री ई-मेल पाठवणे सोडलेले अधिकारी तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकतात. तेथे विषय नसतो, आवक क्रमांक नसतो, आणि सकाळी उठेपर्यंत त्यावर तीस ‘येस सर’ चढलेले असतात. खालून मूळ आदेश शोधून काढण्याचे काम आमच्या कक्षात एकाला रोज साडेनऊला करावे लागते.